वणीत सापडलेले पौंड, येन आणि युरो

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत मराठी मेल उघडला आणि आत अक्षरांऐवजी चिन्हांचा सडा दिसला, की रोगाचं निदान दोन मिनिटांत होतं. फक्त ते एक नसतं, तीन असतात. पहिला पक्ष व्हायरसवाला: "शिरला असन काहीतरी, हात नोका लावू." दुसरा पक्ष भूगोलवाला: "पांढरकवड्याकडून आला असन भाऊ, आदिलाबाद जवळच आहे तिथून. तेलुगू असन हे." तिसरा पक्ष एकटाच असतो, पण प्रिंटरचं काडतूस त्याला बदलता येत असल्यामुळे शेवटचा शब्द त्याचाच चालतो: "फॉन्ट टाकावा लागते." मग फॉन्ट टाकला जातो, मशीन बंद करून चालू केलं जातं, आणि चिन्हं जिथल्या तिथे, जशीच्या तशी असतात.

व्हायरसवाल्याचं आणि तेलुगूवाल्याचं सोडून देऊ. फॉन्टवाला मात्र जास्त धोकादायक, कारण त्याचं कधीकधी बरोबर येतं. त्याचं बरोबर कधी असतं आणि चूक कधी, हे त्या चिन्हांकडे नीट पाहिलं तर त्यांच्यावरूनच कळतं. पण नीट पाहतो कोण? मेल कचरा दिसला की माणूस डोळे मिटून डिलीटवर बोट ठेवतो.

तर आज जरा पाहूच. मेलच्या पहिल्या ओळीत हे आलं आहे असं समजा:

```
à¤µà¤£à¥€
```

ही आपली वणी आहे. नीट बघा: यात पौंड आहे, येन आहे, युरो आहे आणि ते चार टोकं फुटलेलं गोल चिन्ह दोनदा आहे. ते म्हणजे 'कुठलंही चलन' असं सांगणारं चिन्ह, कोणत्या देशाचं ते ज्याचं त्याने ठरवावं. वणीत कोळसा निघतो हे जगजाहीर आहे. परकीय चलन निघतं हे मेल बिघडल्यावरच कळलं. रुपया तेवढा नाही. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली ठरलं, आणि याच रोगाने गाठलं तर त्याचं `â‚¹` होतं, म्हणजे टोपी घातलेला एक ए, एक स्वल्पविराम आणि वर चढलेला एक. आपल्या रुपयाला परदेशी मेलमध्ये एवढाच मान.

आता हे होतं कसं. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात, ० ते २५५ मधले. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे लिहून ठेवलेल्या वह्या असतात. युनिकोड नावाच्या मोठ्या खातेवहीत जगातल्या बहुतेक लिप्यांना जागा आहे. देवनागरीला तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. ती वही मेलमधून पाठवण्याची आजची रीत म्हणजे `UTF-8`. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक आकडा लागतो आणि मराठी अक्षराला तीन. काना, मात्रा, वेलांटी, उकार हेही इथे स्वतंत्र अक्षरच, त्यामुळे त्यांनाही प्रत्येकी तीन. 'वणी'त व, ण आणि दुसरी वेलांटी, म्हणजे नऊ आकडे. ते असे जातात:

```
224 164 181   224 164 163   224 165 128
```

मराठीचं प्रत्येक अक्षर २२४ ने सुरू होतं, त्यानंतर १६४ किंवा १६५ येतो, आणि खरं काय ते तिसरा आकडा सांगतो. मेल पोहोचतो तेव्हा हे नऊच्या नऊ आकडे सुखरूप पोहोचलेले असतात. वाटेत काहीही सांडलेलं नसतं. फक्त वाचणाऱ्याने दुसरीच वही उघडलेली असते, `windows-1252` नावाची, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली जुनी वही. तिच्यात तीन-तीन आकड्यांची भानगडच नाही, एक आकडा म्हणजे एक चिन्ह. २२४ म्हणजे `à`, १६४ म्हणजे `¤`, १६५ म्हणजे येन, १६३ म्हणजे पौंड, १२८ म्हणजे युरो. तो बिचारा आपल्या वहीप्रमाणे अगदी बिनचूक वाचतो.

म्हणून बिघडलेल्या मराठीत दर तिसऱ्या जागी `à` दिसतो, आणि त्याच्या मागे `¤` किंवा `¥`. ही खूण दिसली की फॉन्टवाल्याला चहा पाजून जागेवर बसवावं. इथे फॉन्टचा काही संबंध नाही. हजार फॉन्ट टाकले तरी पौंडाचा आकार फार तर सुबक होईल.

यवतमाळचं नाव याच वहीत वाचलं तर `à¤¯à¤µà¤¤à¤®à¤¾à¤³` असं दिसतं. सहा अक्षरांची अठरा चिन्हं. यातला म म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा `®`, काना म्हणजे पाऊण, आणि ळ म्हणजे घन. एवढी मोजमापं पाहून कुणाला भूमापन खात्याचा कागद वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

वही चुकीची उघडली जाते, कारण कुठली उघडायची हे सांगायचं राहून गेलेलं असतं. ईमेलचा जुना नियम १९८२ चा. त्यात सात बिटांचं इंग्रजी सोडून कशाचीही सोय नव्हती. १९९२ मध्ये माइम नावाची सुधारणा आली आणि पत्राच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला सहसा न दिसणाऱ्या भागात, वहीचं नाव लिहिण्याची रीत पडली:

```
Content-Type: text/plain; charset="UTF-8"
```

सगळं महाभारत या एका ओळीचं. ही ओळ नसली, किंवा तिथे `iso-8859-1` असं काही लिहिलेलं असलं, की वाचणारा प्रोग्राम अंदाजाने नाही तर हुकमाने पश्चिम युरोपात जातो. मोठ्या मेलसेवा आता ही ओळ आपणहून घालतात, त्यामुळे माणसाने माणसाला लिहिलेला मेल हल्ली सहसा बिघडत नाही. बिघडतात ते यंत्राने पाठवलेले: फी भरल्याची पावती, सभेची सूचना, 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे'. कुणीतरी कधीतरी तो मेल पाठवणारा प्रोग्राम लिहिला, इंग्रजीत तपासला, बिल घेतलं आणि निघून गेला. त्याने वरची एक ओळ टाकली असती, तर पुढचे सगळे अर्जदार आपला अर्ज प्राप्त झाला की जप्त झाला या विचारात पडले नसते.

विषयाची ओळ हे वेगळंच संस्थान. तिची वही वेगळी सांगावी लागते, म्हणून कधी विषय शुद्ध मराठीत आणि आतला मजकूर येन-पौंडांत, तर कधी उलट. विषयाच्या जागी असं काही दिसलं तर घाबरू नये:

```
=?UTF-8?B?4KSv4KS14KSk4KSu4KS+4KSz?=
```

हेही यवतमाळच आहे, प्रवासासाठी बांधलेलं. जुन्या सात बिटांच्या रस्त्यावर सांडू नये म्हणून तीन आकड्यांची चार इंग्रजी अक्षरं करून गाठोडं बांधतात. इथे वहीचं नाव दर्शनी लिहिलेलं आहे, पण पोहोचल्यावर गाठोडं सोडायला कुणी विसरलं. `4KS` परत परत दिसलं की आत देवनागरी आहे हे पक्कं समजावं.

आता दुरुस्ती. आलेला मेल बिघडलेला दिसला तर आधी वाचण्याची वही बदलून पाहायची. थंडरबर्डमध्ये `View` खाली `Repair Text Encoding` असतं, तेवढं दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. ते नसेल आणि मजकूर हातात नुसता चिन्हांच्या रूपात उरला असेल, तर विंडोजच्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा, `Save As` करताना खाली `Encoding` मध्ये `ANSI` निवडायचं, आणि फाइल पुन्हा उघडताना तिथेच `UTF-8` निवडायचं. पहिल्या पायरीला चिन्हांचे परत आकडे होतात, दुसऱ्या पायरीला ते आकडे योग्य वहीत वाचले जातात. ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचा पोरगा आहे त्यांनी त्याला हे सांगावं:

```
s.encode("cp1252").decode("utf-8")
```

पण इथे एक मेख आहे. पश्चिम युरोपाच्या त्या वहीत पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. तिथे काहीच लिहिलेलं नाही. आणि आपलं नशीब असं, की नेमक्या याच आकड्यांवर मराठीची हातापायाची अक्षरं बसलेली आहेत. १२९ वर पहिला उकार. १४१ वर हलन्ताचा पाय, म्हणजे अख्ख्या मराठीतली सगळी जोडाक्षरं. १४३ वर ए, १४४ वर ऐ, आणि १५७ वर झ. काही प्रोग्राम रिकाम्या घरातला आकडा न दिसता तसाच सांभाळून ठेवतात, तिथे अक्षर परत मिळतं. काही कडक असतात. ते आकडा टाकून देतात किंवा तिथे प्रश्नचिन्ह ठोकतात. मग ते अक्षर गेलं.

आपल्या जिल्ह्याचे सोळा तालुके या कडक चाळणीतून काढले, तर निकाल असा लागतो. यवतमाळ, कळंब, नेर, उमरखेड, महागाव, केळापूर, राळेगाव, घाटंजी, वणी, मारेगाव हे दहा तालुके धडधाकट परत येतात. पुसदचा उकार जातो आणि त्या जागी काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह बसतं: `प�सद`. आर्णी, दारव्हा आणि दिग्रस यांचं जोडाक्षर मोडतं. झरी-जामणीची झरी झ गमावून नुसती 'री' राहते. पुसदचा माणूस वेगळ्या जिल्ह्याची मागणी जुनीच करतो आहे. त्याला हे सांगितलं तर तो याही मुद्द्यावर निवेदन देईल, आणि ते निवेदन मेलने पाठवलं तर त्यातला पुसद पुन्हा तसाच.

सोळावा तालुका बाभूळगाव. त्याची गत न्यारी आहे. भ चा तिसरा आकडा १७३, आणि त्या वहीत १७३ म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह. ओळ तोडायची वेळ आली तरच ते दिसतं, एरवी नाही. म्हणजे भ जागेवर असतो पण दिसत नाही, आणि कॉपी करताना एखादा प्रोग्राम त्याला झाडून टाकतो. आता विदर्भात भ गेला तर राहिलं काय? दर दुसऱ्या वाक्यात 'भाऊ' असलेलं पत्र मग नुसतं आऊ-आऊ करत बसेल. असाच दुसरा चोर ठ. त्याचा आकडा १६०, तो तिकडे 'न तुटणारी मोकळी जागा' आहे. पुष्कळ प्रोग्राम तिची साधी मोकळी जागा करून टाकतात आणि ठ कायमचा बुडतो. 'मराठी' हा शब्द दुरुस्त करायला घ्यावा आणि नेमका त्यातला ठ मिळू नये, यावर भाषेच्या दिवशी कुणीतरी ठराव मांडायला हरकत नाही.

म्हणून बिघडलेला मेल हाताळायचा एकच कडक नियम: तो पुढे पाठवू नये. आपल्याकडे काही कळलं नाही की ते पुढे पाठवण्याची पद्धत आहे, "पाहा बरं तुमच्याकडं दिसते का." पुढे पाठवताना प्रोग्राम त्या चिन्हांनाच खरा मजकूर समजून त्यांचे नव्याने आकडे करतो. तो पुन्हा चुकीच्या वहीत वाचला गेला की यवतमाळची अठराची छत्तीस चिन्हं होतात आणि ओळीत `Ã` आणि `Â` यांची रांग लागते. अशा मेलला वर सांगितलेली दुरुस्ती दोनदा करावी लागते, तीही मधे कुणी अक्षरं सांडली नसतील तरच. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला आणि 'योग्य कार्यवाहीस्तव' परत तालुक्याला असा फिरलेला मेल ओळखायला तारीख लागत नाही, `Ã` मोजले की पुरे.

आता फॉन्टवाल्याला न्याय देऊ. काही मेल असे येतात की त्यात `à` नसतो, पौंड नसतात, साधी इंग्रजी अक्षरंच असतात, पण शब्द इंग्रजीतले नसतात. उदाहरणार्थ:

```
;orekG   iqln   fnxzl   vk.khZ
```

यवतमाळ, पुसद, दिग्रस, आर्णी. शेवटचं एखाद्या वेबसाइटच्या पत्त्यासारखं दिसतं, पण आपली आर्णीच आहे. हे कृतीदेव नावाच्या जुन्या फॉन्टचं काम. टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनच्या मशीनवर बोटं बसलेल्या पिढीने हे फॉन्ट वापरले, आणि तहसील-कोर्टासमोरच्या टायपिंगच्या टपऱ्यांवर ते अजून जिवंत आहेत. इथे संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो. फक्त `e` या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये 'म' असा काढून ठेवलेला असतो. फॉन्ट म्हणजे मुखवटा. मेलमधून मुखवटा जात नाही, चेहरा जातो. समोरच्याकडे तो फॉन्ट असेल आणि त्याने तो मजकुराला लावला, तर मराठी दिसते. इथे आपला काडतूसवाला शंभर टक्के बरोबर.

पण खरा इलाज तोही नाही. असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठीची कन्व्हर्टरं फुकट मिळतात. ती काम कसं करतात हे माहीत असलं की चुका सापडतात. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने आधी टाइप होते, `fn` म्हणजे 'दि'. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे बसते. रफार उलटा: `vk.khZ` मधला शेवटचा `Z` हा आर्णीच्या डोक्यावरचा रफार, तो कन्व्हर्टरला उचलून ण च्या आधी नेऊन ठेवावा लागतो. म्हणून बदललेला मजकूर तपासताना आधी वेलांट्या आणि रफार पाहावेत. आणि मूळ कागदात खरंखुरं इंग्रजी काही असेल, मेलचा पत्ता किंवा खात्याचा कोड, तर ते बाजूला काढून ठेवावं. कन्व्हर्टरला भेदभाव कळत नाही, तो बँकेच्या कोडचंही मराठी करून देतो. ते मराठी कुठल्याही बँकेला वाचता येत नाही.

पाठवणाऱ्याच्या बाजूने करायचं फार थोडं आहे. टाइप युनिकोडमध्येच करावं. रेमिंग्टनची सवय सुटत नसेल तर युनिकोड देणारा रेमिंग्टन कीबोर्डही मिळतो, बोटं तीच, आकडे नवे. जुनं आउटलुक वापरत असाल तर `File`, `Options`, `Advanced` असं जाऊन `International options` मध्ये पाठवण्यासाठी `Unicode (UTF-8)` निवडावं आणि त्यावरची आपोआप निवडण्याची खूण काढावी. एक्सेलमधली यादी सीएसव्ही करून जोडायची असेल तर `CSV UTF-8` असं लिहिलेला प्रकारच निवडावा. आणि आलेली सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडू नये. एक्सेल उघडून `Data` मधल्या `From Text/CSV` ने ती आत घ्यावी, `File Origin` पाशी `65001` असलेला पर्याय द्यावा. शाळेतल्या पोरांच्या याद्या येन-पौंडांत उघडतात त्या या दोन टिचक्यांमुळे. फाइल बहुतेक वेळा चांगली असते.

राहिला तिसरा प्रकार, ज्याला औषध नाही:

```
????? ?????? ????
```

इथे कुठली वही उघडावी हा प्रश्नच नाही, कारण आकडेच बदलले गेलेत. प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ हा एकच आकडा, म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह, साठवलेलं आहे. हे बहुतेक वेळा पाठवण्याच्याही आधी घडतं. कुणीतरी फाइल `ANSI` मध्ये किंवा साध्या सीएसव्हीत जतन करतो, त्या प्रकारात मराठीला घरच नसतं. नोटपॅड तर रीतसर इशारा देतं की या फाइलमधली युनिकोड अक्षरं अशी जतन केली तर जातील. खाली `OK` असतं. इशारा इंग्रजीत असतो आणि `OK` ला भाषा लागत नाही. फाइल बंद होईपर्यंत पडद्यावर मराठी दिसत राहू शकते, त्यामुळे करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या दिवशी मेल जातो आणि तिकडे नुसती प्रश्नचिन्हं.

प्रश्नचिन्हांमधून मजकूर काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नयेत. शब्द किती अक्षरांचे होते एवढंच त्यातून कळतं. मूळ फाइल असेल तिथे फोन करणं हाच मार्ग. असाच एक फोन माझ्यासमोर झाला. "साहेब, तुमच्या मेलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं आली. काय लिहिलं होतं जी त्यात?"

पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग: "तेच तर मी तुम्हाले विचारणार होतो. मेल वरून आला, मी नुसता पुढे ढकलला. मले वाटलं, वरचे काही विचारून राह्यले."

"मग?"

"मग काय, मी 'माहिती निरंक' म्हणून उत्तर पाठवून टाकलं."

वरून त्यावर अजून काही आलेलं नाही.